तीन मिलिमीटरचा हिशेब : व्हायोलिनची तुटलेली तार बदलताना

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलाने केस उघडून व्हायोलिन माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "सर, मी काहीच केलं नाही. तार आपोआप तुटली." सर्वांत बारीक तार, म्हणजे ई तार, तुटली होती. तिचा एक तुकडा खुंटीला गुंडाळलेला होता आणि दुसरा टेलपीसवरून, म्हणजे तारांची खालची टोके अडकवतात त्या पट्टीवरून, स्प्रिंगसारखा वळून लोंबत होता. व्हायोलिन हातात घेऊन पाहिले, तर ई तारेचा सूर बारीक जुळवणाऱ्या फाइन ट्यूनरचा स्क्रू पार तळाला जाऊन बसलेला होता. अधिक विचारल्यावर सगळी हकिकत बाहेर आली. तार थोडी उतरली होती, स्क्रू आणखी फिरेना, म्हणून त्याने खुंटीला हात घातला. खुंटी दमट हवेने फुगून घट्ट झाली होती. जोर लावल्यावर ती एकदम सुटली, जराशी फिरली आणि तार तुटली. "जराशीच फिरवली," हे त्याचे म्हणणे अगदी खरे होते. ती जराशी म्हणजे नेमकी किती, हे समजले की तार बदलण्यातल्या बहुतेक सूचनांचे कारण आपोआप कळते, म्हणून आधी तेवढा हिशेब करू.

पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवरची ई तार ही साधारण ०.२६ मिलिमीटर जाडीची पोलादी तार असते आणि सुरात असताना तिच्यावर जवळजवळ ८ किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. खुंटीपासून टेलपीसपर्यंतची तिची लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास भरते. पोलाद फारसे लांबत नाही, त्यामुळे ही तार नुसती सरळ झाल्यापासून पूर्ण सुरात येईपर्यंत तिची लांबी वाढते ती जेमतेम ३ मिलिमीटर. आता खुंटी पाहा. तार जिथे गुंडाळली जाते तिथे खुंटीचा व्यास साधारण ७ मिलिमीटर असतो, म्हणजे तिच्या एका पूर्ण फेऱ्यात सुमारे २२ मिलिमीटर तार ओढली जाते. सुरात असलेली ई तार अर्ध्या स्वराने, म्हणजे हार्मोनियमवर एका पट्टीवरून लगेचच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर जाण्याइतकी, चढवायची असेल, तर ती ०.३७ मिलिमीटर ओढावी लागते. २२ ला ०.३७ ने भागले की जवळजवळ ६० येतात. याचा अर्थ असा की घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात जितका सरकतो, तितकी खुंटी फिरली की सूर अर्ध्या स्वराने बदलतो. त्या मुलाची खुंटी एका फेऱ्याचा आठवा भाग जरी फिरली असेल, तरी आधीच्या ३ मिलिमीटरमध्ये आणखी पावणेतीनची भर पडली आणि तारेवरचा ताण जवळजवळ दुप्पट झाला. एवढ्या बारीक पोलादी तारेची सहनशक्ती त्याच्या आतच संपते.

हा हिशेब ई तारेचा आहे. बाकीच्या तीन तारांचा गाभा पुष्कळदा नायलॉनच्या जातीच्या कृत्रिम धाग्याचा असतो आणि त्यावर धातूची पट्टी गुंडाळलेली असते. असा गाभा पोलादाच्या कित्येक पट लांबतो, त्यामुळे खुंटीच्या तेवढ्याच हालचालीने सूर खूप कमी बदलतो आणि नुसत्या खुंटीने तार जुळवता येते. अनेक व्हायोलिनांवर एकट्या ई तारेलाच फाइन ट्यूनर का असतो, याचे उत्तर इथे आहे. नवशिक्यांच्या व्हायोलिनवर चारही तारा पोलादी गाभ्याच्या असतात, म्हणून तिथे चारही ट्यूनर दिलेले असतात.

ज्यांनी तंबोरा जुळवताना पाहिला आहे, त्यांना फाइन ट्यूनर समजावून सांगण्याची गरज नाही. तंबोऱ्यात खुंटीने तार स्वराच्या जवळ आणतात आणि मग घोडीच्या खालच्या बाजूचा मणी किंचित सरकवून तो स्वर नेमका करतात. फाइन ट्यूनर म्हणजे व्हायोलिनचा मणीच. टेलपीसवर बसवलेली ती एक छोटी तरफ असते. वरचा स्क्रू आत गेला की तरफेचे खालचे टोक दाबले जाते आणि तारेला अडकवलेले टोक मागे ओढले जाते. स्क्रूचा पूर्ण एक फेरा दिला, तरी तार मिलिमीटरच्या एखाद्या अंशानेच हलते आणि त्यामुळे बारीक दुरुस्ती हाताच्या आवाक्यात येते. पण मणी घोडीपर्यंत जाऊन पोचला की जसा आणखी सरकत नाही, तसा स्क्रूही तळाला टेकला की निरुपयोगी होतो. हा स्क्रू रोज थोडा थोडा आतच जात असतो, कारण तारेची सवय उतरण्याची असते. म्हणून तो तळाला पोचण्याच्या आधीच एखाद्या निवांत दिवशी उलटा फिरवून निम्म्यावर आणावा, त्यामुळे उतरलेला सूर खुंटीने पुन्हा जवळपास चढवावा आणि शेवटची उणीव स्क्रूने भरून काढावी. स्क्रू पूर्ण आत ठेवण्यात दुसराही एक धोका आहे. तरफेचे खालचे टोक व्हायोलिनच्या पोटाला टेकून तिथे लाकडात खड्डा पाडते. ट्यूनर आणि लाकूड यांच्यामधून एक पोस्टकार्ड अडथळ्याशिवाय सरकते का, एवढे पाहिले की पुरते.

नवी तार पाकिटातून काढण्यापूर्वी जुनी कुठे तुटली हे पाहण्याची सवय लावून घ्यावी, नाहीतर नवीही त्याच जागी तुटेल. तार ब्रिजवर, म्हणजे व्हायोलिनच्या घोडीवर, तुटली असेल, तर ब्रिजच्या खाचेत ती खोल रुतली आहे का हे पाहावे. बारीक पोलादी तार लाकूड कापत जाते, म्हणूनच ई तारेखाली चामड्यासारख्या कातडीचा एक तुकडा चिकटवलेला असतो किंवा तारेवरच एक छोटी नळी दिलेली असते. नटवर, म्हणजे बोटे पडतात त्या फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाच्या खाचा असलेल्या काळ्या पट्टीवर, तुटली असेल, तर तिथली खाच धारदार झाली असण्याचा संभव असतो. टेलपीसपाशी तुटली असेल, तर ट्यूनरच्या आकड्याची कड बोटाने चाचपून पाहावी. मधेच, बोटे पडतात त्या जागी तुटली असेल, तर बहुधा घाम आणि गंज यांनी तिचे आयुष्य संपलेले असते आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. आमच्या मुलाची तार खुंटीच्या तोंडाशीच तुटली होती, आणि खुंटीवरचे तिचे वेढे एकावर एक चढून गुंता झालेला होता. अशा गुंत्यात वरचा वेढा खालच्या वेढ्याला मुरडतो, आणि ताण वाढला की तुटायला जागा आधीच तयार असते.

एका वेळी एकच तार काढायची, हा नियम आपण ऐकलेला असतो. त्याचे कारण असे की ब्रिज चिकटवलेला नसतो, तो केवळ तारांच्या दाबाने उभा असतो. व्हायोलिनच्या आत, ब्रिजच्या उजव्या पायाच्या किंचित मागे उभी असलेली लाकडी काठी, जिला साउंड पोस्ट म्हणतात, तीही दाबानेच अडकलेली असते. चारही तारा एकदम सैल झाल्या, तर ब्रिज पडतो आणि कधीकधी साउंड पोस्टही पडते. व्हायोलिन हलवल्यावर आत काही घरंगळल्याचा आवाज आला, तर तारांना अजिबात ताण न देता ते दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे, कारण टेकूशिवाय ताण दिला तर वरची फळी दबून तडकू शकते.

आता प्रत्यक्ष काम. मी खुर्चीवर बसतो, व्हायोलिन मांडीवर उभे ठेवतो, तारा माझ्याकडे आणि डोके वर. अशा स्थितीत डाव्या बाजूची खालची खुंटी 'जी' या सर्वांत जाड तारेची, डावी वरची डीची, उजवी वरची एची आणि उजवी खालची ईची असते. ई खुंटी सैल करून, बाहेर ओढून, जुन्या तारेचा तुकडा काढून टाकावा. त्याचे टोक सुईसारखे असते, म्हणून तो हाताने न ओढता उलगडून काढावा. खुंटी बाहेर आलेलीच आहे, तर तिच्यावर एक नजर टाकावी. खुंटी पेगबॉक्सच्या, म्हणजे खुंट्या बसवलेल्या पोकळ भागाच्या, भिंतींमध्ये घासते त्या दोन जागी तिच्यावर दोन चकचकीत वळी उमटलेली असतात. दोन्ही वळी पूर्ण गोलाकार असतील, तर खुंटी दोन्ही भिंतींत नीट बसते आहे. एकच वळे दिसले किंवा ते तुटक दिसले, तर खुंटी एकाच भिंतीवर तोललेली आहे, आणि अशी खुंटी काही केले तरी घसरणारच. तिचे भोक पुन्हा आकारात आणणे हे कारागिराचे काम आहे.

मग नटवरच्या आणि ब्रिजवरच्या खाचेत मऊ शिसपेन्सिलीचे टोक दोनचार वेळा फिरवावे. पेन्सिलीतले ग्राफाइट वंगणाचे काम करते आणि तार खाचेतून अडखळल्याशिवाय सरकते. याची गरज का असते, ते तार चढवताना ऐकू येते. खुंटी फिरते आहे, पण सूर जागचा हलत नाही, आणखी फिरवावे तर "टक्" असा आवाज होऊन सूर एकदम वर उडी मारतो. तार नटच्या खाचेत अडकून राहिलेली असते, खुंटीच्या बाजूला ताण साठत जातो आणि मग ती एका झटक्यात सुटते. ई तारेच्या बाबतीत सूर चढायला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा पुरतो, म्हणून असा एक झटकाही महागात पडतो.

खुंटी भोकात परत घालावी. तारेचे मोकळे टोक खुंटीच्या छिद्रातून असे ओवावे की पलीकडे चार-पाच मिलिमीटरच बाहेर राहील. त्याहून अधिक राहिले तर ते भिंतीला टोचत बसते. दुसऱ्या टोकाला गोळी आहे की फास, हे तार विकत घेतानाच आपल्या ट्यूनरप्रमाणे पाहून घ्यावे, कारण काही ट्यूनरना दोन दातांमध्ये गोळी अडकवायची असते आणि काहींना एकाच आकड्यावर फास घालायचा असतो. ते टोक अडकवावे, ट्यूनरचा स्क्रू निम्म्यावर आहे याची खात्री करावी, आणि खुंटीचा वरचा भाग, म्हणजे आपल्या समोरची बाजू, डोक्याच्या दिशेने जाईल अशी खुंटी फिरवायला लागावे. तार खुंटीच्या वरून गेली पाहिजे, खालून नव्हे. फिरवताना दुसऱ्या हाताच्या तर्जनीने तार नटपाशी हलकेच उचलून ताणात ठेवावी, म्हणजे वेढे सैल पडत नाहीत.

पहिला वेढा छिद्रातून बाहेर आलेल्या टोकावरून न्यावा, त्यामुळे टोक दाबले जाते आणि तार छिद्रातून निसटत नाही. त्यानंतरचे वेढे एकमेकांना लागून, शेजारी शेजारी, खुंटीच्या मुठीकडे सरकत जावेत. मुठीकडेच का, हे बहुतेक ठिकाणी सांगितले जात नाही, आणि माझ्या मते खुंटी घसरण्याचे निम्मे रहस्य इथेच दडलेले आहे. व्हायोलिनची खुंटी गाजरासारखी निमुळती असते. साधारण दर ३० मिलिमीटर लांबीला तिचा व्यास १ मिलिमीटरने कमी होत जातो. तिला धरून ठेवायला स्क्रू नाही, दाते नाहीत. पाचर जशी लाकडात रुतून राहते तशी ती दोन भिंतींत रुतून केवळ घर्षणाने टिकते. वेढे मुठीकडे सरकत जाऊन शेवटचा वेढा मुठीकडच्या भिंतीला आतून हलका टेकला, की ती भिंत त्या वेढ्याला आणि पर्यायाने खुंटीला आत ढकलते. म्हणजे तारच खुंटीला पाचरीसारखी आत ओढून धरते. उलट वेढे निमुळत्या टोकाकडे गेले, तर पलीकडची भिंत खुंटीला बाहेर ढकलते आणि ती कितीही दाबली तरी तासाभरात घरंगळते. मात्र टेकणे हलकेच असावे. वेढे भिंतीवर चेपून बसले, तर खुंटी अडकते आणि भिंतीला चीर जाण्याची भीती असते. अशी चीर सर्वाधिक वेळा ए तारेच्या खुंटीपाशी सापडते आणि तिची दुरुस्ती तारेच्या किमतीशी तुलना करण्यासारखी नसते.

खुंटी फिरवण्याची रीतही याच पाचरीतून निघते. फिरवणे आणि आत दाबणे या दोन वेगळ्या क्रिया नाहीत. बाटलीचे बूच पिळून बसवताना हात जसा एकाच वेळी पिळतो आणि दाबतो, तशीच ही हालचाल असली पाहिजे. आधी फिरवून, सूर लागल्यावर मग दाबायला गेलो, तर दाबताना सूर चढतो आणि सोडल्यावर पुन्हा उतरतो. उजव्या हाताने ई खुंटी दाबत असताना डाव्या हाताने पेगबॉक्सची पलीकडची बाजू धरून ठेवावी, म्हणजे दाब दोन हातांमध्ये राहतो आणि मानेवर येत नाही. आणि घट्ट झालेली खुंटी कधीही थेट वर चढवायला जाऊ नये. आधी ती किंचित उलटी, म्हणजे सूर उतरेल अशी फिरवून मोकळी करावी आणि मग खालून वर यावे. आमच्या मुलाने एवढी एकच गोष्ट केली असती, तर झटका उतरण्याच्या दिशेने बसला असता आणि तार वाचली असती.

हवेचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, तेही तंतूंच्या दिशेने जवळजवळ नाही आणि आडव्या दिशेने पुष्कळ. खुंटी आणि भोक दोन्ही वेगवेगळ्या लाकडांची, वेगवेगळ्या दिशांनी कापलेली, म्हणून दोघे आपापल्या परीने लंबगोल होतात. कोकणात पावसाळ्यात खुंट्या जाम होतात, आणि तेच व्हायोलिन मे महिन्यात नागपूरला नेले, की केस उघडल्यावर चारही तारा सैल पडलेल्या आणि ब्रिज आडवा, असे दृश्य दिसू शकते. जाम होणाऱ्या खुंटीच्या त्या दोन चकचकीत वळ्यांवर कोरड्या साबणाची वडी एकदा फिरवावी, घसरणाऱ्या खुंटीच्या वळ्यांवर फळ्यावरचा खडू घासावा, आणि खुंटी काही वेळा मागेपुढे फिरवून ते भिंतींत बसू द्यावे. बाजारात मिळणारे पेग कंपाउंड ही दोन्ही कामे बऱ्यापैकी सांभाळते आणि ते लावणे अधिक बरे. खडू फार वेळा वापरला तर तो बारीक पॉलिश पेपरासारखा लाकूड झिजवतो. तेल मात्र थेंबभरही नको, ते लाकडात शिरले की खुंटी कायमची घसरडी होते.

तार चढवताना ती दर वेळी छेडून ऐकावी, आणि ज्या तारेला आपण छेडतो आहोत तिचीच खुंटी हातात आहे ना, हे तार बोटाने मागोवा घेत खुंटीपर्यंत जाऊन पाहावे. ए तार छेडत राहायचे आणि नकळत ई खुंटी फिरवायची, ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिची किंमत एक नवी तार होती. सूर दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर केवळ अक्षर न पाहता सप्तकही पाहावे. पाश्चात्त्य पद्धतीत ई तार ६५९ हर्ट्झवर असते. सूर चढत चढत तिथून पाऊण स्वर खाली येऊन पोचला, की खुंटी थांबवावी आणि उरलेले अंतर फाइन ट्यूनरच्या स्क्रूने भरावे. चेहरा तारेच्या रेषेत ठेवू नये. चष्मा असेल तर तो घालूनच हे काम करावे.

तार चढत असताना ती ब्रिजचा वरचा भाग आपल्याबरोबर फिंगरबोर्डकडे ओढत नेते. दोनतीन वेळा थांबून बाजूने पाहावे : ब्रिजची टेलपीसकडची पाठ वरच्या फळीशी काटकोनात दिसली पाहिजे. पुढे झुकली असेल, तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जन्यांनी ब्रिज वरच्या कडेला धरून हळूच मागे घ्यावा. झुकलेला ब्रिज दुर्लक्षिला तर तो कायमचा वाकतो किंवा एके दिवशी धाडकन आडवा होतो.

हिंदुस्थानी संगीत वाजवणाऱ्यांना आणखी एक बाजू पाहावी लागते. आपण तारा जी-डी-ए-ई अशा न ठेवता प-सा-प-सा किंवा सा-प-सा-प अशा मिळवतो, आणि गायकाला साथ करायची असेल तर षड्ज त्याच्या पट्टीवर न्यावा लागतो. समजा षड्ज काळी एक आहे आणि तारा प-सा-प-सा मिळवायच्या आहेत. जी तार अर्धा स्वर वर जाऊन काळी चारला येईल, डी तार अर्धा स्वर उतरून काळी एकला, ए तार अर्धा स्वर उतरून काळी चारला, आणि ई तार तीन अर्धस्वर उतरून वरच्या काळी एकला. तीन अर्धस्वर उतरलेल्या ई तारेवरचा ताण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. तुटण्याची भीती त्यामुळे उरत नाही, पण वेढ्यांना धरून ठेवणारा ओढाही तेवढाच कमी होतो, म्हणून अशा व्हायोलिनवर खुंटी घसरण्याची तक्रार अधिक ऐकू येते आणि वेढ्यांची रचना नीट असण्याला अधिक महत्त्व येते. उतरवताना तार किती खाली न्यावी यावर फारसे बंधन नाही, सूर फुसका होतो इतकेच. चढवताना मात्र तिच्या मूळ स्वरापेक्षा एखादा अर्धस्वर, फार तर दोन, एवढीच मर्यादा मानावी. त्याहून उंच षड्ज लागत असेल, तर रचना बदलून घ्यावी. आणि एवढे अंतर फाइन ट्यूनरने कापायला जाऊ नये, ते खुंटीचेच काम आहे. पट्टी बदलली की ट्यूनरचे सगळे स्क्रू पुन्हा निम्म्यावर आणायचे, मग खुंटी, आणि शेवटी स्क्रू.

एक तार नवी चढली की बाकीच्या तिन्ही किंचित उतरलेल्या आढळतात, कारण तार तुटली तेव्हा टेलपीस आणि फळीवरचा एकूण ताण कमी झाला होता आणि आता तो परत आला आहे. म्हणून चारही तारा जीपासून ईपर्यंत दोनतीन फेऱ्यांत जुळवाव्या लागतात. पोलादी ई तार दिवसभरात स्थिरावते. कृत्रिम गाभ्याची तार तीनचार दिवस लांबतच राहते आणि तोवर ती वारंवार उतरते. तिला वाईट तार समजून परत करायला गेलेले लोक मी पाहिले आहेत.

आमच्या मुलाने त्या दिवशी तार स्वतः बसवली. पहिल्या प्रयत्नात वेढे पलीकडच्या भिंतीकडे गेले आणि खुंटी दोनदा घरंगळली. मी काही बोललो नाही, तो थांबला, सगळे उलगडले आणि पुन्हा मुठीकडे वेढे घालत आला. शेवटी ई तार लागली तेव्हा तिचा स्क्रू निम्म्याहून थोडा वरच होता. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तार पाव स्वराने उतरली होती. त्याने स्क्रूला दीड फेरा दिला, ए तारेबरोबर छेडून पाहिली आणि जुनी, तुटलेली तार पाकिटात घालून, वर तारीख लिहून केसच्या खिशात ठेवली.